टॉन्सिल्स काढल्यानंतरचा सातवा दिवस

टॉन्सिल्सचं ऑपरेशन झालेला मोठ्या वयाचा रुग्ण दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज कार्ड घेऊन घरी निघतो, तेव्हा बहुधा खुशीत असतो. घसा दुखत असतो, पण सोसवतो. थोडी पेज जाते, पाणी जातं. एवढ्यासाठी आपण वर्षभर ऑपरेशन टाळत होतो का, असंही त्याला वाटून जातं. भूल देताना बऱ्याचदा डेक्सामेथासोन नावाच्या स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलेलं असतं. त्याचा सूज आणि मळमळ कमी करणारा अंमल अजून उतरलेला नसतो, हे त्याच्या गावीही नसतं. चौथ्या-पाचव्या दिवशी दुखणं कमी होण्याऐवजी वाढतं, कान ठणकायला लागतात, तोंडाला वास येतो आणि घरात एकच प्रश्न उभा राहतो: ऑपरेशन बिघडलं की काय?

बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. या जखमेचं वेळापत्रकच असं असतं. ते एकदा नीट समजलं, की कार्डावरच्या त्रोटक सूचनांचा अर्थ आपोआप लागतो.

टॉन्सिल काढल्यावर घशाच्या दोन्ही बाजूंना एकेक उघडा खळगा उरतो. पोटाच्या ऑपरेशनात कातडी टाके घालून जोडून घेता येते, तशी इथे सोय नसते. खळग्याच्या तळाशी घशाचे स्नायू उघडेच राहतात, आणि माणूस दर घोटागणिक तेच स्नायू हलवतो. एका दिवसात या खळग्यावर पांढरट-पिवळसर थर चढतो, दुधावर साय धरावी तसा. आरशात तो पाहून अनेकजण ‘पू झाला’ म्हणून घाबरतात. तो पू नसतो. ती ओल्या जागेतली खपली असते. तोंडाचा वासही तिचाच. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान ही खपली तुकड्या-तुकड्यांनी सुटते, खालची कोवळी जागा उघडी पडते आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांना धोका उत्पन्न होतो. म्हणजे दुखण्याचा आणि रक्तस्रावाचा अवघड काळ रुग्णालयात जात नाही, घरीच जातो. नेमकं तेव्हाच घरच्यांचं लक्ष जरा सैल झालेलं असतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, सिन्नरमध्ये राहणारा तिशीतला, सत्तर किलो वजनाचा एक माणूस आहे. यकृत, मूत्रपिंड, पोट, सगळं ठणठणीत. वर्षातून पाच-सहा वेळा टॉन्सिल सुजून तापानं पडायचा. सोमवारी नाशिकच्या रुग्णालयात त्याचे टॉन्सिल्स काढले आणि मंगळवारी त्याला घरी सोडलं. कार्डावर लिहिलं आहे: पॅरासिटामॉल दिवसातून चार वेळा, आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम तीन वेळा, काहीतरी खाऊन, मऊ आहार, दोन आठवडे विश्रांती, रक्त आल्यास त्वरित संपर्क. चार ओळींत सगळं आलं, तरी प्रत्येक ओळीत चुकायला जागा आहे.

पहिली चूक ‘चार वेळा’ या शब्दांत. आपल्याकडे औषध जेवणाला बांधलेलं असतं. सकाळची गोळी न्याहारीनंतर, रात्रीची नऊला जेवल्यावर, की पुढची थेट सकाळी आठला. मधल्या अकरा तासांत आधीच्या गोळीचा अंमल केव्हाच संपलेला असतो. शिवाय झोपेत तोंड उघडं राहून घसा कोरडा पडतो. म्हणून या रुग्णांची सकाळ सगळ्यात वाईट असते: थुंकी गिळवत नाही, थुंकी गिळवत नाही म्हणून गोळी गिळवत नाही, आणि गोळी गेली नाही म्हणून पाणीही जात नाही. हे चक्र तोडायचं तर सहा तासांचं गणित घड्याळाशी जोडावं लागतं. सिन्नरच्या आपल्या माणसानं सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि रात्री बारा अशा वेळा धरल्या आणि मध्यरात्रीचा गजर लावला, तर पहाट पुष्कळ सुसह्य होते. पहिला आठवडाभर तरी ‘दुखेल तेव्हा घेऊ’ हा हिशेब चालत नाही. दुखणं एकदा चढलं, की ते उतरवायला तीच गोळी अपुरी पडते.

दुसरी चूक मात्रेची, आणि ती जास्त गंभीर आहे. धडधाकट, पन्नास किलोंहून अधिक वजनाच्या प्रौढाला एका वेळी एक ग्रॅम पॅरासिटामॉल, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, दिवसातून चार वेळा चालतात. चोवीस तासांत चार ग्रॅम ही वरची मर्यादा. पण आपल्या औषधाच्या दुकानांत ६५० मिलिग्रॅमची गोळी जास्त खपते. ‘दोन-दोन घ्या’ हे वाक्य कानात असलेल्या माणसानं ६५०च्या दोन गोळ्या चार वेळा घेतल्या, तर पाच ग्रॅमच्या वर जातात. यकृताला इजा होण्याचा रस्ता इथूनच सुरू होतो. त्यात संध्याकाळी दुखणं वाढलं म्हणून कुणी शेजारच्यानं ‘माझ्या गुडघ्याला हिनं चटकन आराम पडतो’ म्हणत ॲसिक्लोफेनॅकची गोळी दिली, तर आणखी घोटाळा. त्या गोळीच्या पट्टीमागे बारीक अक्षरांत बहुधा ‘पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम’ असंही छापलेलं असतं, आणि ॲसिक्लोफेनॅक हे स्वतः आयब्युप्रोफेनच्याच कुळातलं औषध. म्हणजे एका गोळीत दोन्ही औषधांची दुप्पट भर. सर्दीच्या आणि ट्रॅमाडॉलच्या काही गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतंच. पट्टीची मागची बाजू वाचणं हा या पंधरवड्यातला फार उपयोगी उद्योग आहे. यकृताचा आजार, रोजचं मद्यपान किंवा कमी वजन असेल, तर मर्यादा आणखी खाली येते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची.

आयब्युप्रोफेनबद्दल शल्यचिकित्सकांत एकमत नाही. या कुळातली औषधं रक्तातल्या प्लेटलेट्सचं एकमेकींना चिकटण्याचं काम मंदावतात, म्हणून काही डॉक्टर ती देत नाहीत. पॅरासिटामॉलबरोबर ती दिल्यावर दुखणं फार चांगलं आटोक्यात राहतं, म्हणून बरेचजण देतात. ही निवड ज्यानं ऑपरेशन केलं त्याची; ती घरी बदलू नये. पोटातला अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, ॲस्पिरिननं चाळवणारा दमा किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ते आधीच सांगावं. डोकेदुखीसाठी घरात ठेवलेलं ॲस्पिरिन मात्र दोन आठवडे हद्दपार. हृदयरोगासाठी ते रोज घेणाऱ्यानं ते कधी थांबवायचं आणि कधी सुरू करायचं, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि घशाचे डॉक्टर यांना मिळून ठरवू द्यावं. ट्रॅमाडॉलसारखी तेज गोळी लिहून दिली असेल, तर तिनं झोप आणि बद्धकोष्ठ दोन्ही येतात. तिच्या अंमलात गाडी चालवायची नाही, आणि शौचाला कुंथायचीही वेळ येऊ द्यायची नाही. जोर लावला की डोक्याकडचा रक्तदाब वाढतो.

आणि कान? चौथ्या दिवशी कान ठणकू लागला, की घरात लसूण घातलेलं तेल कोमट व्हायला लागतं. कानात काहीही झालेलं नसतं. टॉन्सिलच्या जागेला जाणाऱ्या मज्जातंतूचीच एक फांदी मधल्या कानाला जाते, त्यामुळे घशातली कळ मेंदूला कानातली वाटते. कानात थेंब टाकून तिचा उपाय होत नाही. घशासाठी घेतलेली गोळी कानालाही पुरते.

आता जेवण. इथे जगभरात दोन टोकं दिसतात. ब्रिटनमधली अनेक रुग्णालयं मोठ्या माणसांना सांगतात की नेहमीचं जेवण जेवा, टोस्टसुद्धा चावून खा. आपल्याकडे सांगतात की थंड, मऊ, बिनतिखटाचं खा. मुलांवर झालेल्या काही अभ्यासांत मऊ आहार घेणारे आणि मनाला येईल ते खाणारे यांच्या रक्तस्रावात ठळक फरक दिसला नाही. तेव्हा मऊ खाण्याचं कारण मुख्यतः दुखणं हे आहे. पण ब्रिटिश सल्ल्यामागचं तर्कशास्त्र आपणही उचलावं असं आहे: चावणं आणि गिळणं थांबलं, की घशाचे स्नायू आखडतात, जबडा जड होतो, आणि दुखणं कमी होण्याऐवजी वाढतं. आठवडाभर फक्त आइस्क्रीम आणि ज्यूसवर राहणाऱ्याचा घसा उशिरा सुटतो. आइस्क्रीम खावं, गार वाटतं, चार घास जातात. पण त्याला उपचार समजू नये.

मराठी स्वयंपाकघरात या पंधरवड्याची सोय आधीपासूनच आहे. तूप घातलेला मऊ वरणभात, मुगाची सैल खिचडी, तांदळाची पेज, नाचणीचं सत्त्व, शिरा, वाफवलेली इडली दुधात किंवा साध्या वरणात कुस्करून, आंबट नसलेल्या ताज्या दह्याचा भात, केळं, मऊ अंडाभुर्जी बिनमिरचीची. सगळं कोमट किंवा गार. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मऊ पोळी भाजीच्या रसात भिजवून चालते. आंबट पदार्थांनी, म्हणजे लिंबू, संत्रं, टोमॅटो, ताक जुनं झालेलं असेल तर तेही, रक्त येत नाही, पण उघड्या जागेवर असं काही चरचरतं की माणूस पुढचे चार तास पाणीही नाकारतो. चकली, चिवडा, कडक भाजलेली भाकरी आणि पापड यांचे टोकदार तुकडे दोन आठवडे लांबच बरे.

तंबाखू, गुटखा, मिश्री आणि सुपारी यांचा उल्लेख कार्डावर बऱ्याचदा नसतो, कारण विचारलं की सगळेच ‘नाही खात’ म्हणतात. सुपारीचा खडा टोकदार, चुना झोंबणारा, आणि सिगरेटचा धूर कोरडा आणि गरम. कच्च्या खळग्याला यातलं काहीही सोसत नाही. दारू जखमेला झोंबते, शरीरातलं पाणी कमी करते आणि ट्रॅमाडॉलबरोबर गुंगी धोकादायक पातळीवर नेते.

खाण्यापेक्षाही पिण्याला महत्त्व. दिवसभरात दोन ते अडीच लिटर द्रव पोटात जायला हवेत (हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आपलं प्रमाण विचारून घ्यावं). एकदम पेलाभर जात नाही, म्हणून जागेपणी दर अर्ध्या तासाला काही घोट. पुरेसं जातंय की नाही हे लघवीवरून कळतं. रंग गडद पिवळा झाला किंवा दिवसभरात दोन-तीनदाच लघवी झाली, तर पाणी कमी पडतंय. कोरड्या घशावरची खपली तडकते, दुखणं वाढतं, आणि दुखणं वाढलं की पिणं आणखी कमी होतं. गोळी घेतल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासानं जेवायला बसलं तर दोन घास जास्त जातात. आयब्युप्रोफेन असेल तर आधी दोन-चार चमचे पेज किंवा केळं पोटात टाकून मग गोळी.

एक छोटी सूचना मात्र आवर्जून पाळावी. बीट, कलिंगड, कोकम सरबत, गुलाबाचं लाल सरबत हे पहिले दोन आठवडे नकोत. त्यांनी अपाय होत नाही. पण थुंकीत किंवा उलटीत लाल दिसलं, तर ते सरबत की रक्त, हे मध्यरात्री बल्बच्या उजेडात कुणालाच सांगता येत नाही.

विश्रांतीचा अर्थ अंथरुणाला खिळणं नव्हे. घरात चालावं, अंगणात बसावं, उशाशी दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपावं. टाळायचं ते जोराचं: जिम, पळणं, पाण्याची कळशी किंवा गॅसचं सिलिंडर उचलणं, खाली वाकून जोर लावायची कामं. सकाळी योग करणाऱ्यांनी सूर्यनमस्कार, कपालभाती, शीर्षासन आणि जलनेती दोन आठवडे बाजूला ठेवावी. शांत बसून हळू श्वास घेण्यात काही वावगं नाही. मिठाच्या पाण्याच्या खळखळून गुळण्या हा आपला आवडता उपाय, पण त्या जोरानं खपली सुटू शकते. चूळ हलकेच फिरवून टाकावी. दात मात्र घासावेत. कामावर दहा ते चौदा दिवसांनी जावं. शिक्षक, विक्रेते, कंडक्टर यांना घसा दिवसभर वापरावा लागतो, त्यांनी चौदाच धरावे.

प्रवासाची सूचना लोकांना सगळ्यात जाचक वाटते आणि तीच सगळ्यात सहज मोडली जाते. आपल्या उदाहरणातला माणूस सहाव्या दिवशी रविवारी बरा दिसतो. मामेभावाचं लग्न आहे, गाव घाटापलीकडे, गाडी घरची. आई म्हणते, ‘नुसता बसून राहा रे, जेवू नकोस काही.’ प्रश्न जेवणाचा नाहीच. रक्तस्रावाच्या ऐन दिवसांत तो अशा ठिकाणी असेल, जिथून घशाचे डॉक्टर आणि भूल देण्याची सोय असलेलं रुग्णालय दोन-तीन तासांवर आहे. सिन्नरहून नाशिक साधारण तीस किलोमीटर. तेवढं अंतर चालतं. दोन आठवडे त्यापलीकडे जाऊ नये, विमानानंही नाही.

हा धोका किती? इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये २००३-०४ साली सुमारे चौतीस हजार टॉन्सिल ऑपरेशनांची राष्ट्रीय पाहणी झाली. त्यात सगळे मिळून शंभरातल्या साधारण साडेतीन रुग्णांना नंतर रक्तस्राव झाला. पण पाच वर्षांखालच्या मुलांत हे प्रमाण दोनहून कमी होतं, आणि सोळा वर्षांवरच्यांत पाचच्या आसपास. टॉन्सिल्सचं ऑपरेशन म्हणजे पोरांचं काम, असं म्हणून मोठ्यांनी निष्काळजी राहण्यात काही अर्थ नाही, तो इथे दिसतो. विजेच्या उष्णतेनं टॉन्सिल काढण्याच्या पद्धतींत नंतरचा रक्तस्राव जुन्या थंड हत्यारांच्या पद्धतीपेक्षा जास्त आढळला, हेही त्याच पाहणीनं दाखवलं.

आता तो सोमवार. ऑपरेशनला सात दिवस झाले आहेत. पहाटे साडेतीनला आपला माणूस उठतो, तोंडात खारट चव. बेसिनमध्ये थुंकतो. थुंकीत गुलाबी रेघ दिसली आणि दोनदा थुंकल्यावर पाणी स्वच्छ आलं, तर ती खपली सुटल्याची खूण असू शकते. बर्फाच्या पाण्याचा घोट तोंडात धरावा, शांत बसून लक्ष ठेवावं आणि सकाळी डॉक्टरांना कळवावं. पण ताजं लालभडक रक्त आलं, गाठ पडली, किंवा पुन्हा पुन्हा येऊ लागलं, तर वाट पाहायची नाही. चमचाभरच आलं आणि आपोआप थांबलं, तरीही रुग्णालय गाठायचं. घशाचे डॉक्टर अशा छोट्या रक्तस्रावाला मोठ्याची पूर्वसूचना मानतात. काही रुग्णांत काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी खरा मोठा रक्तस्राव येतो. ‘थांबलं ना, मग सकाळी बघू’ हे या आजारातलं सगळ्यात महाग वाक्य आहे.

झोपेत रक्त तोंडाबाहेर येतच नाही, गिळलं जातं. म्हणून माणूस झोपेत सारखं गिळत असेल, अस्वस्थ होऊन उठत असेल, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट उलटी झाली, तर तेही रक्तस्रावाचंच लक्षण. घाम सुटणं, चेहरा पांढरा पडणं, नाडी जलद होणं, उभं राहताच चक्कर येणं हा पुढचा टप्पा, तो येईपर्यंत थांबूच नये.

घरच्यांनी करायचं ते असं. त्याला ताठ बसवून किंचित पुढे झुकवायचं. आडवं झोपवायचं नाही, कारण रक्त श्वासनलिकेत जाऊ शकतं. गिळू नकोस, भांड्यात थुंक, असं सांगायचं. टॉवेलऐवजी पातेलं घ्यायचं, म्हणजे किती रक्त गेलं ते डॉक्टरांना दाखवता येतं. बर्फाचं पाणी तोंडात धरून हळूच टाकायचं. पण चहा, दूध, गोळी, काहीही पोटात द्यायचं नाही. पुन्हा भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं. घशात बोट, कापूस, तुरटी किंवा हळद घालायची नाही, दिसणारी गाठ ओढायची नाही. रक्त जोरात असेल तर १०८ला फोन करायचा आणि सगळ्यात जवळचं मोठं रुग्णालय धरायचं. बेताचं असेल तर ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं तिथे आधी फोन करून निघायचं. त्याला मोटारसायकलवर मागे बसवून न्यायचं नाही. डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर घ्यायच्या.

रुग्णालयात काय होतं, हे माहीत असलं तर निघताना पाय अडखळत नाही. शिरेत सुई लावतात, हिमोग्लोबिन आणि रक्तगट तपासतात, बसवूनच घसा पाहतात. रक्त थांबलेलं असलं तरी साधारण एक दिवस देखरेखीखाली ठेवतात. चालू असेल तर गाठ काढून त्या जागी औषधात भिजवलेल्या कापडानं दाब देतात, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड देतात. एवढ्यानं भागलं नाही, तर भूल देऊन रक्तवाहिनी बांधतात किंवा जाळून बंद करतात.

रक्ताखेरीज आणखी काही गोष्टींसाठी फोन करावा: १०१.५ अंशांच्या वरचा किंवा तिसऱ्या दिवसानंतर नव्यानं आलेला ताप, चोवीस तासांत काहीच पिता न येणं, तोंड उघडता न येण्याइतका जबडा आखडणं, आणि श्वासाला त्रास. शेवटच्या कारणासाठी फोन करत बसू नये, सरळ निघावं. पहिल्या दोन दिवसांतली हलकी कणकण, पडजिभेची सूज आणि बदललेला आवाज हे मात्र सहसा आपोआप निवळतं.

दहाव्या-बाराव्या दिवसाच्या सुमारास खपली बहुतेक सुटलेली असते आणि एखाद्या सकाळी थुंकी न दुखता गिळली जाते. खळगे पूर्ण भरायला दोन ते तीन आठवडे लागतात. जिभेच्या मागच्या बाजूची चव बदलली असेल, तर ती परतायला काही आठवडे, क्वचित महिनेही जातात, कारण ऑपरेशनच्या वेळी जिभेवर पट्टी दाबून ठेवलेली असते. दोन आठवड्यांनंतरच्या तपासणीला जाताना, काढलेले टॉन्सिल्स प्रयोगशाळेत पाठवले होते का हे विचारावं आणि पाठवले असतील तर अहवाल हातात घ्यावा. विशेषतः एकच टॉन्सिल मोठा झाला म्हणून ऑपरेशन झालं असेल, तर तो कागद न बघता फाइल बंद करू नये.